शून्यावरून मारलेली उडी

बारावीच्या वहीत हमखास सापडणाऱ्या एका गणितापासून सुरुवात करू. 1/x² या फंक्शनचं −1 पासून 1 पर्यंत इंटिग्रेशन करायचं आहे. सूत्र पाठ असतं: आधी असं F शोधा, ज्याचं डिफरन्शिएशन केलं की मूळ फंक्शन मिळेल. मग वरची मर्यादा घाला, खालची घाला, वजाबाकी करा. इथे F = −1/x. एक घातला की उणे एक, उणे एक घातला की अधिक एक. वजाबाकी केली की उत्तर येतं उणे दोन.

आता आलेख डोळ्यांसमोर आणा. कोणत्याही संख्येचा वर्ग धनच असतो, म्हणून 1/x² चा आलेख सगळीकडे आडव्या अक्षाच्या वर आहे. त्याखालचं क्षेत्रफळ उणे कसं येईल? आकडेमोडीत चूक नाही. चूक त्याआधी झाली आहे. शून्यापाशी आलेख सरळ आभाळात जातो, तिथे उभी असिम्प्टोट आहे, आणि आपण तिच्याकडे न बघता या काठावरून त्या काठावर उडी मारली.

ही उडी फक्त विद्यार्थ्यांनी मारलेली नाही. अठराव्या शतकात इंटिग्रेशन म्हणजे मुख्यतः डिफरन्शिएशनची उलटी क्रिया, असंच शिकवलं जाई. ऑयलरने १७६८ साली इंटिग्रल कॅल्क्युलसवरचा आपला मोठा ग्रंथ काढायला सुरुवात केली, त्यातही हीच व्याख्या आहे. क्षेत्रफळ हा तिचा एक उपयोग. F सापडलं की काम संपलं, अशी सवय या व्याख्येतूनच लागते, कारण मूळ फंक्शन मध्ये कुठे तुटतं का, हे बघायला ती सांगतच नाही.

पण तुटल्याने नेमकं काय बिघडतं? याचं उत्तर एका जुन्या भांडणात दडलेलं आहे. १७१२-१३ च्या सुमारास लायब्निट्झ आणि योहान बर्नुली यांच्यात ऋण संख्यांच्या लॉगरिदमवरून पत्रव्यवहार झाला. बर्नुलीचं म्हणणं असं: log x चं डिफरन्शिएशन केलं की 1/x मिळतो, log(−x) चं केलं तरी 1/x च मिळतो. मग दोन्ही एकच. लायब्निट्झला हे मान्य नव्हतं. १७४९ साली ऑयलरने या वादावर निबंध लिहिला आणि बर्नुलीच्या युक्तिवादातली फट दाखवली: दोन फंक्शनांचं डिफरन्शिएशन सारखं आलं, तर ती सारखीच असतात असं नाही; त्यांच्यात एका स्थिर संख्येचा फरक असू शकतो.

तीच ती संख्या, जी आपण उत्तराच्या शेवटी सवयीने "+ C" म्हणून लिहितो. तिचा आपल्या गणिताशी काय संबंध, ते बघा. शून्याच्या उजवीकडे F = −1/x घ्या आणि डावीकडे F = −1/x + 100. दोन्ही बाजूंना डिफरन्शिएशन 1/x² च येतं, म्हणजे हे F ही नियमात बसतं. पण आता वजाबाकी केली, तर उत्तर उणे दोनऐवजी उणे एकशे दोन. शंभरऐवजी दुसरी संख्या घेतली, तर तिसरंच उत्तर. फंक्शन अखंड असतं तेव्हा डावा C आणि उजवा C एकमेकांना बांधलेले असतात. मध्ये असिम्प्टोट आली की तो दोर तुटतो. म्हणून उणे दोन हे चुकीचं उत्तरही नीट म्हणता येत नाही. तो फक्त F निवडण्यातला योगायोग आहे.

हा गुंता पॅरिसमध्ये सुटला. आगुस्तँ-लुई कोशी एकोल पोलिटेक्निकमध्ये शिकवत होता, आणि १८२३ साली त्याच्या व्याख्यानांचा सारांश छापून आला, चाळीस पाठांचा. त्यात कोशीने क्रमच उलटा केला. आधी इंटिग्रल म्हणजे काय, ते ठरवलं: अंतराचे बारीक तुकडे करायचे, प्रत्येकाची रुंदी गुणिले फंक्शनची किंमत, सगळ्यांची बेरीज, आणि तुकडे लहान होत जाताना ती बेरीज जिकडे जाते ती संख्या. F ची वजाबाकी ही मग व्याख्या उरली नाही. ते सिद्ध करायचं प्रमेय झालं, आणि प्रमेयाला अट असते. इथे अट ही, की फंक्शन पूर्ण अंतरात अखंड हवं.

अट मोडली तर काय करायचं, हे त्याने चोविसाव्या पाठात सांगितलं. अडचणीच्या जागेपाशी थोडी फट सोडा, दोन्ही बाजूंचे तुकडे वेगवेगळे काढा, मग फट मिटवत न्या. 1/x² साठी करून बघू. उजवा तुकडा ०.१ पासून एकपर्यंत घेतला तर ९ येतात. ०.०१ पासून घेतला तर ९९, ०.००१ पासून ९९९. हा आकडा कुठेच थांबत नाही. म्हणजे क्षेत्रफळ अनंत, आणि आपलं उणे दोन गेलं.

1/x चं प्रकरण जास्त फसवं आहे, आणि कोशीने त्या पाठात उदाहरण म्हणून तेच घेतलं. −1 पासून 1 पर्यंत डावी बाजू खाली जाते, उजवी तेवढीच वर, त्यामुळे उत्तर शून्य असं मन लगेच म्हणतं. कोशी म्हणाला, दोन्ही बाजूंची फट सारखीच का धरता? डावीकडे εμ सोडा, उजवीकडे εν. डावा तुकडा log(εμ), उजवा −log(εν), बेरीज log(μ/ν). ε कितीही लहान केला तरी हे उत्तर जागचं हलत नाही. डावी फट उजवीच्या दुप्पट ठेवली तर सुमारे ०.६९, सारखी ठेवली तर शून्य. हवं ते उत्तर मिळवा! सारख्या फटीने मिळणाऱ्या उत्तराला त्याने "मुख्य मूल्य" असं वेगळं नाव दिलं, म्हणजे कोणी त्याला सरळ इंटिग्रल समजू नये.

म्हणूनच परीक्षेत सर्वांत धोकादायक ते उत्तर, ज्यावर शंकाच येत नाही. 1/(x−1) चं 0 पासून 3 पर्यंत इंटिग्रेशन करा. सूत्राने log 2 येतं: धन, नेटकं, पटण्यासारखं. पण x = 1 ला छेद शून्य होतो, आणि इंटिग्रलला किंमतच नाही. sec² x चं 0 पासून π पर्यंत केलंत तर शून्य येतं. इथे तर छेदही दिसत नाही. असिम्प्टोट π/2 वर लपलेली आहे. तेव्हा F शोधण्याआधी एकदा विचारायचं: या दोन मर्यादांच्या मध्ये फंक्शन कुठे फुटतं का? फुटत असेल, तर तिथे तोडा आणि दोन्ही तुकडे स्वतंत्रपणे तपासा. एक जरी अनंताकडे गेला, तरी दुसऱ्याशी त्याची काटाकाट करायची नाही.

मात्र असिम्प्टोट दिसली की उत्तर नाहीच, असंही समजू नका. x च्या −2/3 घाताचा आलेखही शून्यापाशी आभाळात जातो. पण त्याचं F, म्हणजे x च्या घनमुळाची तिप्पट, शून्यावरून न तुटता जातं. दोन्ही तुकडे तीन-तीन येतात, आणि इंटिग्रल खरोखर सहा. आलेख किती उंच जातो यापेक्षा तो किती वेगाने निमुळता होतो, यावर सगळं ठरतं.

आणि ते उणे दोन? विसाव्या शतकाच्या सुरुवातीला झाक आदामार हा फ्रेंच गणिती लहरींच्या समीकरणांवर काम करत होता. त्यात असेच अनंताला जाणारे इंटिग्रल आडवे येत होते. त्याने फट सोडून मिळणारं उत्तर लिहिलं. आपल्या उदाहरणात ते 2/ε − 2 येतं. त्यातला अनंताकडे जाणारा भाग त्याने जाहीरपणे बाजूला काढला आणि उरलेल्याला "सांत भाग" म्हटलं. उरतं काय? उणे दोन. आकडा तोच. फक्त आदामारने काय टाकून दिलं ते लिहून ठेवलं होतं, आणि आपण काही टाकलंय हेच आपल्याला माहीत नव्हतं.