एईएस व चाचा: एका निवडीचा इतिहास

जुन्या फोनवर व्हीपीएनसाठी कोणती गूढलेखन-पद्धती वेगवान ठरेल, हे प्रोसेसरच्या घडणीवर अवलंबून असते. डेमेन व रायमेन या बेल्जियन संशोधकांची रचना २००१ साली अमेरिकेत एईएस या नावाने प्रमाण ठरली. तिच्यातील बाइट-बदलाचे काम साध्या आज्ञांनी सावकाश होते. म्हणून पुढे प्रोसेसरमध्येच तिच्यासाठी स्वतंत्र आज्ञा घालण्यात आल्या. बर्नस्टीन यांनी २००८ साली मांडलेल्या चाचा पद्धतीस बेरीज, बिट फिरविणे व एक्सॉर एवढ्याच क्रिया पुरतात.

२०१५ च्या आरएफसी ७५३९ मधील मापने बोलकी आहेत. गॅलेक्सी नेक्सस फोनमधील ओमॅप ४४६० या प्रोसेसरवर १२८ बिटांचे एईएस सेकंदाला २४.१ मेगाबाइट, तर चाचा ७५.३ मेगाबाइट हाताळते. एईएसच्या आज्ञा असलेल्या झिऑनवर मात्र हेच आकडे अनुक्रमे ९०० व ५०० होतात.

तथापि २४.१ मेगाबाइट म्हणजे सुमारे १९३ मेगाबिट होत. जोडणीच २० मेगाबिटांची असल्यास चाचामुळे वेग वाढलेला दिसणार नाही. प्रोसेसरवरील भार तेवढा हलका होईल. म्हणून प्रथम `/proc/cpuinfo` मधील `Features` ही ओळ पाहावी. तीत `aes` नसल्यास चाचा स्वीकारणेच युक्त होय.