क्रीडा कोटा: प्रमाणपत्रावरचं नाव आधी तपासा

अकरावी प्रवेशात खेळाडूंसाठी ५ टक्के जागा असतात, पण नुसतं मेडल दाखवून भागत नाही. प्रमाणपत्र लागतं आणि ते स्पर्धेच्या नोंदींशी जुळावं लागतं. समजा, मानोऱ्याची एक मुलगी शालेय कबड्डीत अमरावती विभागापर्यंत खेळली. प्रमाणपत्रावर घरचं नाव ‘राणी’, दहावीच्या गुणपत्रिकेवर ‘प्रतीक्षा’. घोळ इथेच होतो. म्हणून प्रमाणपत्र हाती पडताच नाव, खेळ, वयोगट, वर्ष आणि सही-शिक्का पाहावा. चूक असल्यास मुख्याध्यापकांचं पत्र घेऊन वाशिमचं जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालय गाठावं. प्रवेशिका आणि संघाच्या यादीची प्रतही शाळेतून त्याच वर्षी घ्यावी. क्रीडाशिक्षकांची बदली झाली, की जुना कागद सापडता सापडत नाही.