फोटोखालचा आकडा कुठून आला?

तुमच्या घरात पंधरा-सोळा वर्षांची मुलगी किंवा मुलगा असेल, तर हे तुम्ही पाहिले असेल. फोटो टाकला जातो, अर्ध्या तासात हवे तेवढे लाइक आले नाहीत की तो गुपचूप काढून टाकला जातो. फोटोत काही चुकलेले नसते, फक्त आकडा कमी पडलेला असतो. हा आकडा आपल्या आयुष्यात आला कसा, ते आज पाहू.

लाइकचे बटण तसे फार जुने नाही. फेसबुकच्या काही कर्मचाऱ्यांनी 2007 च्या सुमारास ते सुचवले, तेव्हा त्याचे ठरलेले नाव होते ‘ऑसम’. हेतू साधा होता: एखाद्या बातमीखाली पन्नास जणांनी ‘अभिनंदन’ लिहिण्याऐवजी एका स्पर्शात काम व्हावे. 9 फेब्रुवारी 2009 रोजी ते सगळ्यांसाठी सुरू झाले. दाद द्यायला केलेल्या या बटणाशेजारी आकडा दिसू लागला, आणि आकडा दिसला की माणूस तुलना करतोच.

तुलना आपल्याला नवी नाही. स्थळ बघताना फोटो पाठवायचे, तेव्हाही रंग-रूप जोखले जायचेच, आणि ते काही सुखाचे नव्हते. पण तो फोटो चार-सहा घरांत जायचा. लिऑन फेस्टिंगर या मानसशास्त्रज्ञाने 1954 मध्ये मांडले होते, की स्वतःला मोजायची पक्की पट्टी नसली की माणूस आपल्यासारख्या इतरांशी तुलना करून स्वतःला मोजतो. 2016 मध्ये जिओ आले, डेटा स्वस्त झाला, आणि सेनगाव-कळमनुरीच्या मुलीसमोरचे ‘आपल्यासारखे इतर’ एकदम बदलले. आता तिच्यासमोर मुंबईची इन्फ्लुएन्सर होती. रिंग लाइट, मेकअप आणि फिल्टरसकट.

त्याच वर्षी अमेरिकेत, लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात झालेला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. 13 ते 18 वयोगटातल्या 32 मुलामुलींना एमआरआय यंत्रात झोपवून फोटो दाखवले. त्यात त्यांनी स्वतः दिलेले फोटोही होते. प्रत्येक फोटोखाली लाइकचा आकडा होता आणि तो इतर मुलांनी दिलाय असे त्यांना सांगितले होते. प्रत्यक्षात आकडे संशोधकांनीच टाकले होते! एकच फोटो निम्म्या मुलांना भरपूर लाइकसह दिसला, तर निम्म्यांना मोजक्या. जास्त आकडा दिसला की मुले त्याच फोटोला जास्त पसंती देत. स्वतःच्या फोटोखाली मोठा आकडा दिसला की मेंदूतला बक्षिसाच्या आनंदाशी संबंधित भाग अधिक सक्रिय होई. म्हणजे मोठा आकडा पाहूनच पुढचे लाइक येतात. त्याला सौंदर्याची मोजपट्टी कसे म्हणायचे?

दुसरा प्रयोग कुणीही ठरवून केला नाही, तो आपल्याच देशात घडला. 29 जून 2020 रोजी केंद्र सरकारने 59 चिनी अ‍ॅपवर बंदी घातली, त्यात टिकटॉक होते. मराठवाड्यातल्या खेड्यापाड्यांतूनही पोरे शेतात, अंगणात व्हिडिओ करून तिथे टाकत. एखाद्याने दोन वर्षांत लाखभर फॉलोअर जमवले असले, तरी ते दुसरीकडे नेता येत नव्हते. 8 जुलैला भारतात इन्स्टाग्रामचे रील्स सुरू झाले आणि तिथे त्याला पुन्हा शून्यापासून सुरुवात करावी लागली. चेहरा तोच, बोलणे तेच, विनोदही तेच. आकडा मात्र गेला, कारण तो माणसाचा कधी नव्हताच, अ‍ॅपचा होता. आपला व्हिडिओ किती जणांपुढे ठेवायचा, हेही अ‍ॅपच ठरवते.

2019 मध्ये इन्स्टाग्रामने कॅनडासह काही देशांत लाइकचे आकडे लपवून पाहिले. काहींना हायसे वाटले, काही वैतागले. शेवटी 2021 मध्ये कंपनीने निवड वापरणाऱ्यावर सोडली. स्वतःच्या आणि इतरांच्याही पोस्टचे आकडे लपवायची सोय सेटिंगमध्ये आहे. मुलासोबत बसून महिनाभर करून पाहा. फॉलोअरचा आकडा मात्र त्याने लपत नाही.

फोटो काढून टाकणे एखाद्या वेळी चालायचेच. पण मूल तासन्‌तास आरशासमोर एकच ‘दोष’ शोधत बसते, फिल्टरशिवाय फोटो काढूच देत नाही, चेहऱ्यामुळे शाळा टाळते किंवा जेवण कमी करते, तेव्हा डॉक्टरांना दाखवा. गोरे होण्यासाठी मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणलेली ट्यूब घरात आहे का, तेही बघा. अशा कितीतरी मलमांत स्टेरॉइड असते. सुरुवातीला चेहरा उजळतो, मग कातडी पातळ होते, लाल पडते, उन्हात जळजळते आणि पुरळ येते. फार दिवस लावलेली ट्यूब एकदम थांबवली तर त्रास उसळतो, म्हणून ती घेऊनच त्वचारोगतज्ज्ञांकडे जा.

मन फारच खचले असेल तर सरकारची टेली-मानस सेवा 14416 या क्रमांकावर चोवीस तास मोफत आहे, आणि तिथे मराठीतही बोलता येते.