टॅरो मांडणीची निवड

टॅरो मांडणी म्हणजे टॅरोच्या ७८ पत्त्यांच्या संचातून काही पत्ते काढून ते ठरलेल्या जागी ठेवण्याची रीत. प्रत्येक जागेला आधीच अर्थ दिलेला असतो आणि तेथे आलेल्या पत्त्याचे वाचन त्या अर्थाच्या चौकटीत केले जाते. किती पत्ते काढावेत हे वाचकाच्या हौसेवर नव्हे, तर प्रश्नात किती वेगवेगळ्या बाबी गुंतल्या आहेत यावर ठरते. पत्त्यांमधून भविष्य कळते, याला शास्त्रीय आधार नाही. या लेखात केवळ वाचनाची पद्धत दिली आहे.

एका पत्त्याची मांडणी

रस्त्याकडेला किंवा जत्रेत बसणारा पोपटवाला ज्योतिषी महाराष्ट्रात परिचित आहे. पोपट पिंजऱ्यातून बाहेर येऊन एक चिठ्ठी उचलतो आणि सारा निरोप त्या एका चिठ्ठीतच असतो. टॅरोतील एका पत्त्याचे वाचन बाह्यतः असेच दिसते. ‘आज कोणत्या गोष्टीकडे लक्ष द्यावे?’ यासारख्या एकपदरी प्रश्नाला ते पुरते. मात्र ‘नोकरी सोडावी का, आणि सोडल्यास घरचे काय म्हणतील?’ असे विचारून एकच पत्ता काढला, तर तो नोकरीविषयी बोलतो की घरच्यांविषयी, हे ठरवता येत नाही आणि वाचक सोयीचा अर्थ निवडतो. एकाच पत्त्यावर दोन माणसांचा किंवा दोन निर्णयांचा भार पडू लागला, की मांडणी अपुरी आहे असे समजावे.

तीन पत्त्यांची मांडणी

भूत, वर्तमान, भविष्य ही या मांडणीची सर्वांत प्रसिद्ध योजना असली, तरी निर्णयाच्या प्रश्नाला ती फारशी उपयोगी पडत नाही, कारण तिच्यात ‘काय करावे’ याला जागाच नसते. अशा वेळी परिस्थिती, अडथळा आणि सल्ला अशा जागा ठरवणे अधिक योग्य.

उदाहरणार्थ, नंदुरबार जिल्ह्यातून पुण्यास शिकायला गेलेल्या एका विद्यार्थिनीचा प्रश्न घेऊ: ‘दुसऱ्या वर्षी शिक्षण चालू ठेवताना मी काय लक्षात घ्यावे?’ समजा, परिस्थितीच्या जागी ‘एट ऑफ पेंटॅकल्स’ आला. रायडर-वेट संचात या पत्त्यावर एकामागून एक चकत्या कोरणारा कारागीर आहे, म्हणजे अभ्यास नेटाने चालू आहे. अडथळ्याच्या जागी ‘फाइव्ह ऑफ पेंटॅकल्स’ आला. त्यावर उजळलेल्या खिडकीखालून बर्फातून जाणारी दोन दरिद्री माणसे आहेत. येथे अडचण पैशाची आहे आणि जवळची मदत नजरेतून सुटत आहे, असे वाचन होते. सल्ल्याच्या जागी तराजू धरलेला ‘जस्टिस’ आला, तर खर्च आणि शिष्यवृत्तीचे नियम तोलून पाहावेत, असा अर्थ लागतो. तीनपैकी दोन पत्ते पेंटॅकल्सचे, म्हणजे काम व धन यांचे, हेही वाचनाचाच भाग आहे. एकट्या पत्त्यात असे परस्परसंबंध दिसत नाहीत. ‘फाइव्ह ऑफ पेंटॅकल्स’ एकटाच आला असता, तर केवळ हलाखीचे चित्र उरले असते.

मोठी मांडणी

दहा पत्त्यांची ‘केल्टिक क्रॉस’ ही मोठ्या मांडण्यांपैकी सर्वांत प्रचलित. आर्थर एडवर्ड वेट यांनी १९१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात तिची रीत दिली. त्यांच्या योजनेत आठवी जागा घर व भोवतालच्या माणसांची, तर नववी प्रश्नकर्त्याच्या आशा-भीतीची आहे. वरील विद्यार्थिनीला वडिलांचा विरोध खरोखर आहे की ती त्याला मनातूनच घाबरते, हे वेगळे करायचे असेल, तर या दोन जागांचा उपयोग होतो. तीन पत्त्यांत त्यासाठी स्वतंत्र जागा नाही.

मांडणी वाढली की धोकाही वाढतो. क्रम धरल्यास तीन पत्ते ४,५६,४५६ प्रकारे येऊ शकतात, आणि दहा पत्त्यांत तर वाचकासमोर इतकी विधाने येतात की त्यांतील एखादे कोणालाही लागू पडते. साध्या प्रश्नासाठी मोठी मांडणी घेतल्याची खूण म्हणजे दोन-तीन जागांवर तेच उत्तर फिरवून सांगावे लागणे. पत्ते पिसण्यापूर्वी प्रत्येक जागेपुढे एक-एक उपप्रश्न लिहून पाहावा. ज्या जागेसाठी उपप्रश्न सुचत नाही, ती वगळावी.

पत्त्यांची संख्या पिसण्याआधी ठरवणे आवश्यक मानले जाते. न आवडलेल्या पत्त्यावर ‘खुलाशासाठी’ आणखी एक, मग त्यावर तिसरा, असे काढत गेल्यास मनाजोगे चित्र कधीतरी येतेच; त्या वेळी मांडणी मोडून प्रश्नच नव्याने मांडावा, असे अनुभवी वाचक सुचवतात. ‘शुल्क भरण्याची अंतिम तारीख कोणती?’ यासारख्या, उत्तर कागदावर उपलब्ध असलेल्या प्रश्नासाठी मात्र एकही पत्ता काढण्याचे कारण नाही.