प्रस्तावना: सतत चक्रवाढ आणि पैशाची आजची किंमत

तीस वर्षांनी हाती येणारे दहा लाख रुपये आज किती रुपयांचे? दर साल ७ टक्के धरा, एवढेच सांगून हा प्रश्न दोन जाणत्या हिशेबनिसांपुढे ठेवला, तर एकाचे उत्तर १,३१,३६७ रुपये येऊ शकते आणि दुसऱ्याचे १,२२,४५६ रुपये. दोघांचीही आकडेमोड बिनचूक असते. पहिल्याने व्याज वर्षातून एकदा मुद्दलात मिळते असे धरलेले असते, दुसऱ्याने ते क्षणोक्षणी मिळत राहते असे. उत्तरांत जवळजवळ नऊ हजारांचे, म्हणजे पावणेसात टक्क्यांचे अंतर पडते. मुदत तीसऐवजी एकच वर्षाची घेतली, तर तीच दोन उत्तरे ९,३४,५७९ आणि ९,३२,३९४ अशी येतात आणि अंतर पाव टक्क्याच्याही आत राहते.

या पुस्तकात आपण सतत चक्रवाढ आणि घातांकी वटाव यांची ओळख करून घेणार आहोत. हे अंतर कधी नजरेत भरण्याइतके मोठे होते, कधी दुर्लक्ष करण्याजोगे असते आणि मुळात ते येते कुठून, हा या ओळखीचा गाभा आहे. वाचकाला शाळेतले चक्रवाढ व्याज आणि लॉगॅरिथमचा अर्थ एवढे ठाऊक असले की पुरे.

कल्पना जुनी आहे. स्विस गणिती याकोब बर्नुली याने १६९० साली छापलेल्या एका लेखात हाच प्रश्न विचारला होता: सावकाराने व्याजाचा वाटा प्रत्येक क्षणी मुद्दलात मिळवायचा ठरवला, तर वर्षाअखेर कर्जदाराचे देणे किती होईल? दर शंभर टक्के आणि मुद्दल एक रुपया घेऊन पाहा. वर्षातून एकदा व्याज मिळवले तर दोन रुपये होतात. सहामाही हिशेबाने २.२५, तिमाहीने २.४४, मासिकाने २.६१ आणि रोजच्या हिशेबाने २.७१४६. हप्ते वाढवत नेले तरी रक्कम बेसुमार फुगत नाही, ती एका मर्यादेपाशी येऊन ठेपते. २.७१८२८… ही ती मर्यादा. पुढे ऑयलरने तिला e हे चिन्ह दिले. त्यामुळे r दराने t वर्षांत सतत चक्रवाढीने एका रुपयाचे e^(rt) रुपये होतात, आणि t वर्षांनी मिळणाऱ्या एका रुपयाची आजची किंमत e^(-rt) ठरते. या दुसऱ्या संख्येला आपण वटाव गुणक म्हणू.

आता सुरुवातीच्या दहा लाखांकडे परत जाऊ. दर कागदावर ७ टक्केच ठेवला आणि व्याज मिळवण्याची वारंवारिता तेवढी बदलली, तर तीस वर्षांनंतरच्या दहा लाखांची आजची किंमत अशी येते:

- वार्षिक: १,३१,३६७
- सहामाही: १,२६,९३४
- तिमाही: १,२४,७०१
- मासिक: १,२३,२०६
- सतत: १,२२,४५६

वार्षिकापासून सहामाहीपर्यंतची पहिलीच उडी सगळ्यांत मोठी आहे आणि पुढच्या उड्या लहान होत जातात. रोजच्या हिशेबाने १,२२,४८१ रुपये येतात, म्हणजे सततपेक्षा फक्त पंचवीस रुपये जास्त. ‘सतत’ हा शब्द ऐकून काही टोकाचे घडते आहे असे वाटते, पण रोजचा हिशेब आणि सततचा हिशेब व्यवहारात एकच आहेत. खरी दरी वार्षिक आणि बाकीच्यांमध्ये आहे.

या दरीचे माप एका छोट्या सूत्रात बसते. वर्षातून m वेळा व्याज मिळत असेल, तर त्या हिशेबाची आजची किंमत आणि सतत हिशेबाची आजची किंमत यांतले सापेक्ष अंतर साधारण r²t/(2m) इतके असते. कारण सोपे आहे. (1+r/m) चा नैसर्गिक लॉगॅरिथम r/m पेक्षा थोडा लहान असतो, आणि ती तूट बहुतांशी r²/(2m²) एवढी असते. वर्षात m हप्ते आणि अशी t वर्षे, म्हणून तूट mt वेळा साठते. सूत्र अंदाजाचे आहे. दर वीस टक्क्यांच्या पुढे गेला किंवा अंतरच मोठे झाले की ते जरा जास्त आकडा दाखवते, पण कुठे सावध व्हायचे ते सांगायला पुरेसे आहे.

सूत्रात काळ एकदाच येतो आणि दराचा मात्र वर्ग येतो, हे त्यातले सर्वांत महत्त्वाचे. एक टक्का अंतराला आपण लक्षणीय म्हणू. वार्षिक हिशेबात ७ टक्के दराने ते साधारण चार वर्षांत गाठले जाते. दर दुप्पट, म्हणजे १४ टक्के केला, तर वर्षभर जेमतेम उलटताच. दर ३ टक्के असेल तर बावीस वर्षे लागतात. मासिक हिशेबात ७ टक्क्यांना तेच अंतर पडायला जवळजवळ पन्नास वर्षे जावी लागतात. म्हणून ९१ दिवसांच्या ट्रेझरी बिलाचा भाव काढताना ७ टक्के दर सरळ व्याजाच्या सूत्रात घातला की सतत चक्रवाढीच्या, यावरून फार बिघडत नाही, दहा लाखांमागे दीडशे रुपयांच्या आतबाहेर फरक पडतो. पण निवृत्तिवेतनाची देणी, दीर्घ मुदतीचे विमे आणि भारत सरकारचे चाळीस-पन्नास वर्षांचे रोखे यांच्या मूल्यांकनात तीच हयगय फार महागात पडते.

इथे एक गोष्ट ठामपणे सांगायला हवी. हा सगळा फरक ‘७ टक्के’ हा एकच आकडा दोन वेगळ्या सूत्रांत घातल्यामुळे येतो. वर्षाला ७ टक्के खरी वाढ आणि सतत ७ टक्के हे दोन वेगळे दर आहेत, दुसरा वर्षाला ७.२५ टक्के वाढ देतो. पहिल्याचा बरोबरीचा सतत दर हवा असेल तर ln(1+i) काढायचा, इथे ln(1.07) = 0.06766, म्हणजे ६.७७ टक्के. तो दशांश न कापता e^(-rt) मध्ये घाला, तीस वर्षांनंतरच्या दहा लाखांची किंमत पुन्हा १,३१,३६७ येते, रुपयाचाही फरक न पडता. दर नीट बदलून घेतला की वार्षिक आणि सतत या दोन पद्धती एकच उत्तर देतात.

उत्तर तेच येणार असेल तर सतत दराचा खटाटोप कशासाठी? कारण सतत दरांची सरळ बेरीज होते. पहिली दोन वर्षे ६ टक्के आणि पुढची तीन वर्षे ८ टक्के सतत दर असेल, तर घातांकात 0.12 अधिक 0.24 एवढेच करायचे आणि गुणक e^(-0.36) मिळतो. मुदत तीन वर्षे सत्तेचाळीस दिवसांची असली तरी हप्त्यांची मोडतोड करावी लागत नाही. दर रोज बदलत असेल तर बेरजेची जागा संकलन घेते, सूत्राचा ढाचा तोच राहतो. १९७३ च्या ब्लॅक-शोल्स सूत्रात घातांकी वटाव येतो तो याच सोयीमुळे.

दर नीट बदलून घेतल्यावरही एक फरक उरतो, आणि तो खरा असतो: पैसा नेमका केव्हा येतो याचा. एका टोल रस्त्याचे उदाहरण घेऊ. वीस वर्षे, दर वर्षी एक कोटी रुपये जमा, वार्षिक खरा दर ७ टक्के. जमा वर्षाअखेरीस एकरकमी येते असे धरले तर आजची किंमत १०.५९ कोटी होते. पण टोलनाक्यावर पैसा रोज येतो. तो वर्षभर सारख्या वेगाने येतो असे धरून (1 - e^(-δn))/δ हे सूत्र लावले, आणि δ म्हणून 0.06766 घेतला, तर किंमत १०.९६ कोटी येते. हा साडेतीन टक्क्यांचा, सुमारे सदतीस लाखांचा फरक कोणत्याही दररूपांतराने जाणार नाही, आणि जायलाही नको. पैसा सरासरी सहा महिने आधी हाती येतो, त्याचीच ही किंमत आहे.

आता याच सूत्रात कोणी δ च्या जागी सरळ 0.07 घातला तर १०.७६ कोटी येतात. हा आकडा फसवा आहे. तो दोन्ही उत्तरांच्या मधोमध पडत असल्यामुळे समंजस वाटतो, पण त्यात वेळेची दुरुस्ती बरोबर आणि दराची चूक उलट दिशेने, अशी दोघांची अर्धीमुर्धी फिटंफाट झालेली असते. बेरीज जुळल्यासारखी दिसली म्हणून हिशेब बरोबर ठरत नाही.

यातून तपासणीची एक पद्धत मिळते. दोन मूल्यांकने जुळत नसतील तर एकूण रकमा ताडून बघत बसू नका. एकेका वर्षाचे वटाव गुणक शेजारी मांडा आणि त्यांचे गुणोत्तर काढा. ते पहिल्या वर्षी १ च्या अगदी जवळ असेल आणि पुढे वर्षागणिक ठरावीक प्रमाणात सरकत जात असेल, तर घोळ दराच्या व्याख्येत आहे. गुणोत्तर सगळ्या वर्षांत एकसारखे असेल, ७ टक्के दराला साधारण १.०३४, तर दर ठीक आहे आणि एका हिशेबात पैसा सहा महिने पुढेमागे झाला आहे. दोन्ही लक्षणे एकत्र दिसली तर आधी दर दुरुस्त करावा आणि मगच वेळेकडे वळावे.

आपल्याकडे या सवयी शेजारीशेजारी नांदतात. बँकांच्या मुदत ठेवींवर व्याज सहसा तिमाही मिळवले जाते, पीपीएफवर ते वर्षातून एकदा जमा होते, सरकारी रोखे सहामाही व्याज देतात, गृहकर्जाचा हप्ता मासिक असतो. त्यामुळे पुढच्या प्रकरणांत कुठेही दर आला की त्याच्याशेजारी तीन गोष्टी लिहून घ्या: व्याज वर्षातून किती वेळा मिळते, मुदत किती, आणि पैसा मुदतीच्या आत केव्हा येतो. पहिल्या दोन गोष्टींवरून r²t/(2m) चा अंदाज काढला की दररूपांतर वगळले तर किती चुकेल ते कळते, आणि तिसरीवरून त्यानंतरही किती फरक राहायलाच हवा ते कळते.