डिमर वर केला की स्पीकर घरघरतो: साऊंडची लाईन वेगळी कशी काढावी?

गणेशोत्सव, जत्रा किंवा हौशी नाटकाच्या रंगमंचावर ही तक्रार नेहमीची. साऊंड टेस्ट करताना सगळं स्वच्छ ऐकू येतं. नाटक सुरू होतं, लाईटवाला डिमर हळूहळू वर घेतो आणि स्पीकरमधून झूंऽऽ असा आवाज सुरू होतो. दोष मिक्सरला, नाहीतर माईकच्या वायरीला दिला जातो. खरं कारण बहुतेक वेळा वीज कुठून घेतली यात असतं.

आवाज येतो कुठून?

आपल्याकडची वीज 230 व्होल्ट, 50 हर्ट्झची. म्हणजे तिची लाट सेकंदाला 50 वेळा वरखाली होते. हॅलोजन पार दिव्यांचा डिमर ही लाट मऊपणे लहान करत नाही, तो तिचे तुकडे पाडतो. प्रत्येक अर्ध्या लाटेत थोडा वेळ वीज बंद ठेवायची आणि मग एकदम सोडायची, असं सेकंदाला 100 वेळा चालतं. प्रत्येक वेळी वायरीत करंटचा झटका बसतो. तोच झटका साऊंडमध्ये शिरला की घरघर ऐकू येते.

ओळखायची खूण सोपी आहे. डिमर शून्यावर असताना आवाज नसतो, निम्म्यावर सगळ्यात जास्त असतो आणि पूर्ण वर नेला की कमी होतो. कारण निम्म्यावर वीज नेमकी लाटेच्या शिखराशी सोडली जाते. फेडर कुठेही असला तरी एकसारखी जाड ‘घूंऽ’ येत असेल, तर तो अर्थिंगचा घोळ असतो. आणि आवाज स्पीकरमधून नव्हे तर थेट दिव्यातून येत असेल, तर दिव्याची तार कंप पावते आहे. त्याचा साऊंडशी संबंध नाही.

एकाच वायरीवर काय होतं

हिशोब करून बघू. 1000 वॅटचा एक पार दिवा साधारण 4.3 अँपिअर ओढतो. तीन दिवे म्हणजे 13 अँपिअर. बोर्डापासून रंगमंच 30 मीटर असेल तर जाऊन-येऊन 60 मीटर तांबं झालं. वायर 2.5 स्क्वेअर एमएमची असेल तर या अंतरात 5-6 व्होल्ट गळतात. हे 5-6 व्होल्ट शांतपणे गळत नाहीत, डिमरच्या झटक्यांबरोबर गळतात. त्याच एक्स्टेन्शनवर मिक्सर किंवा अँप्लिफायर लावला, तर त्याला मिळणारी वीज तशीच दातेरी होते.

वायर 1 स्क्वेअर एमएमची असेल तर 14-15 व्होल्ट गळतात आणि त्या वायरीतच जवळजवळ 190 वॅट उष्णता तयार होते. वायर गुंडाळून ठेवली असेल तर ती उष्णता बाहेर पडत नाही आणि आवरण वितळतं. म्हणून ड्रमवरची वायर वापरताना पूर्ण उलगडायची, लागणार तेवढीच ओढून घ्यायची नाही.

वाटणी कशी करायची

समजा थ्री-फेज तात्पुरतं कनेक्शन आहे आणि डिमरवर सहा पार दिवे आहेत. तीन दिवे लाल फेजवर, तीन पिवळ्यावर. मंडपातले पंखे आणि ट्यूब या दोन फेजवर वाटून द्या. निळा फेज फक्त साऊंडला. चहाच्या स्टॉलची शेगडी, फ्रीजर, धुराचं मशीन यातलं काहीही निळ्यावर येऊ देऊ नका.

सगळा साऊंड एकाच फेजवर हवा. दोन फेजमध्ये 400 व्होल्टच्या आसपास फरक असतो. मिक्सर एका फेजवर आणि कीबोर्ड दुसऱ्यावर असेल आणि कुठे वायरिंगचा दोष निघाला, तर तो वादकाच्या अंगावर येतो.

गावच्या हॉलमध्ये एकच फेज असेल तर मुख्य बोर्डापासून दोन स्वतंत्र लाईन ओढा, एक लाईटची आणि एक साऊंडची. दोन्हींचा न्यूट्रलही बोर्डापर्यंत वेगळा हवा. रंगमंचावर आणून फक्त फेज वेगळा केला आणि न्यूट्रल एकच ठेवला, तर घरघर तशीच राहते.

मिक्सर मागे प्रेक्षकांत असेल तर त्याला तिथल्या भिंतीच्या सॉकेटवरून वीज देऊ नका. रंगमंचावरच्या साऊंड बोर्डावरूनच एक वायर मागे न्या. मग मिक्सर आणि अँप्लिफायर दोघांचं अर्थिंग एकाच ठिकाणी येतं आणि जाड ‘घूंऽ’ बहुधा जाते. माईकच्या वायरी डिमरच्या वायरींना समांतर बांधू नका. ओलांडाव्याच लागल्या तर काटकोनात ओलांडा. अँप्लिफायर किंवा एलईडी दिवा डिमरच्या चॅनलवर कधीच लावू नका, फेडर पूर्ण वर असला तरी.

अर्थिंगची पिन तोडू नका

घरघर घालवायला काही जण प्लगची जाड पिन काढतात किंवा तिला टेप गुंडाळतात. आवाज कधीकधी जातोही. पण त्या यंत्राच्या आत फेज बॉडीला टेकला तर करंटला जायला दुसरी वाट राहत नाही, माईक धरलेला कलाकारच वाट बनतो. त्याऐवजी डीआय बॉक्सवरचं ‘ग्राउंड लिफ्ट’ बटण वापरा. ते फक्त आवाजाच्या वायरीची जाळी तोडतं, विजेचं अर्थिंग तसंच राहतं.

एक्स्टेन्शन बोर्ड बघून घ्या

घरगुती स्पाईक गार्ड सहसा 6 अँपिअरचा असतो. मिक्सर, कीबोर्ड, वायरलेस रिसीव्हर यांना तो पुरतो. मोठ्या अँप्लिफायरला आणि डिमरला 16 अँपिअरची पिन आणि 2.5 स्क्वेअर एमएमची तीन तारांची वायर लागते. मंडपात सर्रास मिळणारी दोन तारांची वायर चालत नाही, तिच्यात अर्थिंगच नसतं. सॉकेटमध्ये काडी खोचून उघडी तार बसवू नका. एका बोर्डात दुसरा, दुसऱ्यात तिसरा अशी साखळी करू नका, पहिल्या प्लगवर सगळ्यांचा भार येतो.

रंगांबद्दल एक सावधगिरी. आपल्या जुन्या पद्धतीत लाल, पिवळा, निळा हे तिन्ही फेज असतात आणि काळा न्यूट्रल. पण परदेशी यंत्रांच्या वायरीत तपकिरी फेज आणि निळा न्यूट्रल असतो. म्हणजे एका ठिकाणी निळा जिवंत, दुसऱ्या ठिकाणी न्यूट्रल. रंगावर भरवसा न ठेवता मीटरने तपासा.

मुख्य बोर्डावर 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी आहे का ते विचारा आणि त्याचं टेस्ट बटण दाबून बघा. न्यूट्रलचा स्क्रू घट्ट आहे ना, हे वायरमनकडून तपासून घ्या. थ्री-फेजमध्ये न्यूट्रल सुटला तर 230 व्होल्टच्या यंत्रांवर 400 च्या जवळपास व्होल्टेज येऊ शकतं आणि मिक्सर क्षणात जळतो. जनरेटरवर चालवतानाही हेच लागू. बोर्ड उघडायचं काम मात्र परवानाधारक वायरमनचंच. मग बेळगावात हेस्कॉमचं कनेक्शन असो, महाराष्ट्रात महावितरणचं, की गोव्यात वीज खात्याचं.

पडदा उघडण्याआधी

लाईट बंद ठेवून साऊंड चालू करा आणि ऐका. मग डिमर शून्यापासून वरपर्यंत हळू न्या, निम्म्यावर थांबा. घरघर आली तर अँप्लिफायरची इनपुट वायर काढा, काढण्याआधी त्याचा आवाज शून्य करून. तरी आवाज राहिला तर दोष विजेच्या लाईनमध्ये आहे. गेला तर माईकच्या वायरी एकेक काढून बघा. जिच्याबरोबर आवाज जाईल, ती डिमरच्या वायरीपासून दूर हलवा.