फोर्डचे पाचशे लोक आणि तीन कागद

१९८०च्या दशकाच्या सुरुवातीला फोर्ड कंपनीत नुसती पुरवठादारांची बिलं चुकती करायला, तेही एकट्या उत्तर अमेरिकेत, पाचशेहून जास्त माणसं होती. दिवस मंदीचे. संगणक नीट वापरले तर वीस टक्के माणसं कमी करता येतील, असा हिशेब व्यवस्थापनाने मांडला होता. मग त्यांचं लक्ष माझ्दाकडे गेलं. तिथे हेच काम पाच जण करत होते! माझ्दा कंपनी लहान होती हे खरं, पण तो फरक जमेस धरूनही फोर्डचा विभाग हवा त्याच्या पाचपट मोठा निघाला.

मायकेल हॅमर यांनी १९९० साली ‘हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू’मध्ये ही हकिकत लिहिली. ती सांगताना बहुतेक जण माणसं किती कमी झाली यावरच थांबतात. मला त्याआधीचा प्रश्न जास्त महत्त्वाचा वाटतो: ही माणसं दिवसभर करत काय होती?

ती तीन कागद जुळवत होती. खरेदी विभाग पुरवठादाराला पर्चेस ऑर्डर पाठवायचा आणि तिची प्रत लेखा विभागाला द्यायचा. माल आला की गोदामातून माल मिळाल्याची नोंद यायची; आपल्याकडे तिला जीआरएन म्हणतात. आणि पुरवठादाराचं बिल. काय मागवलं, काय आलं आणि कशाचे पैसे मागितले, या तिन्हींचा मेळ बसला तरच पैसे द्यायचे. फोर्डमध्ये एकूण १४ बाबी जुळाव्या लागत. जुळल्या तर काम झटपट व्हायचं. वेळ खायचे ते न जुळणारे कागद.

न जुळणं म्हणजे काय, ते आपल्या ओळखीच्या उदाहरणावर बघू. समजा, प्रयोगशाळेने पिपेट टिप्सचे ४० बॉक्स ८५० रुपये दराने मागवले. आले ३६. बिल मात्र ४० बॉक्सचं, तेही ८७० रुपये दराने, म्हणजे ३४,८०० रुपये. द्यायला हवेत ३६ गुणिले ८५०, म्हणजे ३०,६००. फरक ४,२०० रुपयांचा.

हा एक आकडा सांगून कुणाला काही कळत नाही, कारण त्यात दोन वेगळी भांडणं आहेत. न आलेल्या ४ बॉक्सचे बिलाच्या दराने ३,४८० रुपये होतात. तो प्रश्न गोदामाला विचारायचा. आलेल्या ३६ बॉक्सवर प्रत्येकी २० रुपये जास्त लावलेत, त्याचे ७२०. तो खरेदी विभागाला. (४ बॉक्स जुन्या दराने मोजले तर ३,४०० आणि ८०० अशी फोड होते. दोन्ही बरोबर, फक्त एकच पद्धत कायम ठेवायची.) उत्तरं येईपर्यंत बिल अडकून राहतं. अशी असंख्य बिलं डोळ्यांसमोर आणा, म्हणजे पाचशे माणसांचा उलगडा होतो.

फोर्डने या जुळवणीचा वेग वाढवला नाही, बिलच काढून टाकलं. ऑर्डर सामायिक डेटाबेसमध्ये जायची. माल दारात आला की गोदामातला माणूस तिथेच ती ऑर्डर शोधायचा. जुळली तर माल घ्यायचा, नाहीतर परत पाठवायचा. माल स्वीकारल्याची नोंद झाली की चेक निघायचा. १४ ऐवजी तीनच बाबी जुळवायच्या: सुट्या भागाचा क्रमांक, मोजमापाचं एकक आणि पुरवठादाराचा कोड. हॅमर यांच्या म्हणण्यानुसार माणसं ७५ टक्क्यांनी कमी झाली.

यात दर कुठे गेला? तो ऑर्डरमध्येच ठरलेला. पुरवठादाराचा दावाच नाही, तर तपासायचं काय? एकक मात्र टिकलं, आणि ते योग्यच होतं. ऑर्डर ‘बॉक्स’मध्ये आणि नोंद ‘रॅक’मध्ये झाली, एका बॉक्सात १० रॅक असतील, तर ४० चे ४०० होतात आणि पैसे दसपट जातात.

पण बिल गेल्यावर सगळा भार ऑर्डर आणि दारातल्या मोजणीवर येतो. ऑर्डरमध्येच दर चुकला असेल तर चुकीचे पैसे बिनबोभाट जातात. आता ओरडणारा तिसरा कागदच नाही. हॅमर स्वतः याच विचाराचे प्रचारक होते, त्यामुळे त्यांचा लेख वाचताना ही बाजू आपणच मांडून बघावी लागते.

दारातली मोजणी तर तीन कागद असतानाही फसते. गोदामातला माणूस खोके न मोजता पुरवठादाराच्या चलानावरचा आकडा जीआरएनवर उतरवतो. मग बिल आणि जीआरएन जुळणारच, दोन्हींचा उगम एकच! हे ओळखायचं असेल तर वर्षभराचे जीआरएन काढून बघा. भरपूर माल येऊनही एकदाही कमी-जास्त, फुटका नग नोंदलेला नसेल, तर मोजणी होत नाही असा संशय घ्यायला जागा आहे. यावर जुना उपाय म्हणजे गोदामाला ऑर्डरची जी प्रत द्यायची, तिच्यात नगसंख्येचा रकाना कोरा ठेवायचा. आकडा समोर नसला की मोजावंच लागतं. तरी चलान हाती पडण्याआधी मोजणी झाली पाहिजे, नाहीतर कोरा रकाना तिथूनच भरला जातो.